हिरव्या भिंतीपुढचा चुडा

आमच्या ऑफिसातली हिरवी भिंत मी स्वतः मोजून रंगवून घेतली होती. रुंदी अकरा फूट, उंची नऊ फूट, आणि तोच रंग पुढे जमिनीवर सात फूट. भिंत जमिनीला मिळते तिथे कोपऱ्याची रेघ दिसू नये म्हणून प्लायवूड वाकवून गोलाई केली होती. रंगाचे तीन हात दिले. तिसरा हात गरजेचा नव्हता असं मालकाचं मत होतं, पण दुसऱ्या हातानंतर मी नऊ ठिकाणी फोटो काढून रंगाचे आकडे तपासले होते आणि दोन ठिकाणी फरक जास्त होता.

हे साल २००८-०९ च्या सुमाराचं. पनवेलला उरण नाक्याजवळ, औषधांच्या दुकानाच्या वर, आम्ही वेबसाइटी बनवत असू. त्या काळात वेबसाइट उघडली की कोपऱ्यातून एखादी बाई चालत यायची, पानावर उभी राहून नमस्कार करायची आणि कंपनीची माहिती सांगायची, अशी फॅशन आली होती. बाईच्या मागे खोली किंवा पडदा नसायचा. पानावरची अक्षरं, चित्रं तिच्या खांद्याशेजारून तशीच दिसायची. ती पानावरच उभी आहे असं वाटलं पाहिजे, एवढं आमचं काम. त्यासाठी हिरव्या भिंतीपुढे शूटिंग करायचं आणि नंतर संगणकावर तो हिरवा तेवढा कापून टाकायचा.

मी त्याआधी सतरा वर्षं एका छापखान्याच्या कॅमेरा विभागात होतो. फिल्मवर ब्रशने काळा रंग लावून नको तो भाग झाकायचा, हवा तेवढाच उघडा ठेवायचा, हे तिथे रोजचं होतं. छापखाना बंद पडल्यावर वयाच्या चव्वेचाळिसाव्या वर्षी संगणक शिकलो, तेव्हा अल्फा चॅनल मला कोणी समजावून द्यावा लागला नाही. व्हिडिओतल्या प्रत्येक ठिपक्याला लाल, हिरवा, निळा असे तीन आकडे असतात. अल्फा हा चौथा. त्याला रंग नसतो. तो ठिपका किती दिसायचा तेवढंच तो सांगतो. दोनशे पंचावन्न म्हणजे पूर्ण दिसणार, शून्य म्हणजे अजिबात नाही, मधले आकडे म्हणजे अर्धवट, मागचं पान थोडं थोडं दाखवणारे. केसांच्या कडा मधल्या आकड्यांत येतात. बाकी शरीर दोनशे पंचावन्नच असलं पाहिजे.

आमच्याकडे शूटिंगला जो कॅमेरामन यायचा त्याला सगळे दादा म्हणत. वय बावन्न. उरणकडच्या खाडीकाठच्या कोळीवाड्यातला. घरची होडी भावाकडे, आणि हा तेवीस वर्षं लग्नांची व्हिडिओ शूटिंग करत आलेला. हळदीपासून वरातीपर्यंत खांद्यावर कॅमेरा घेऊन त्याच्या कमरेचा मणका सरकला होता. डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली. म्हणून त्याने मालकाला बसून करायचं काम मागितलं. मालक त्याच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान. त्याने सांगितलं की काकांकडून शिका, एक काम सुरुवातीपासून एक्स्पोर्टपर्यंत, म्हणजे तयार फाइल निघेपर्यंत, एकट्याने करून दाखवा, तसं झालं तर पहिल्या तारखेपासून टेबल तुमचं. काका म्हणजे मी.

मी शिकवताना दया केली नाही, हे आधीच सांगून टाकतो. दादा माऊस धरायचा तो सगळ्या पंजाने. मालक येता-जाता म्हणायचा, "दादा, तो उंदीर आहे, बोंबील नाही." सगळे हसायचे, दादाही हसायचा. मी त्याला सगळं वहीत लिहून ठेवायला लावलं. दादा मला मास्तर म्हणू लागला. पहिल्यांदा त्याने मला दाखवायला एक्स्पोर्ट केलं तेव्हा पानावर बाई काळ्या खोक्यात उभी होती. चॅनलच्या खान्यात त्याने नुसतं आरजीबी, म्हणजे रंगांचे तीनच आकडे, ठेवलं होतं. तिथे आरजीबी प्लस अल्फा निवडावं लागतं आणि त्याखाली रंगांची खोली मिलियन्स प्लस घ्यावी लागते. त्या प्लसमध्येच चौथा आकडा असतो. मला ते पडदा बघताक्षणी कळलं. मी सांगितलं नाही. म्हटलं, शोधा. दर वेळी एक्स्पोर्टला बावीस मिनिटं लागत. त्याने सहा वेळा केलं. सातव्या वेळी प्लस सापडला, पण मग ती फाइल फ्लॅशच्या छोट्या फाइलमध्ये बदलताना अल्फाच्या चौकोनात टिक करायची राहिली आणि पुन्हा खोकं आलं. ते निस्तरल्यावर खोकं पांढरं झालं, कारण पानाच्या कोडमध्ये खिडकी पारदर्शक ठेवण्याची एक ओळ लागते, ती नव्हती. तीन जागा, तिन्हींत चौथा आकडा सांभाळून न्यावा लागतो, एकीत सुटला की गेला. दादा ते शिकला. पुन्हा कधी चुकला नाही. मालक मात्र त्याला बरेच दिवस "खोकंवाले दादा" म्हणत होता.

त्याच्या परीक्षेला जे काम आलं ते नेऱ्याकडच्या एका शेठचं होतं. स्वतःच्या आणि भाऊबंदांच्या जमिनीवर फार्महाऊसचे प्लॉट पाडून विकायचे. वेबसाइट गर्द बाटलीहिरव्या रंगाची ठरली. पानावर बोलायला शेठला मॉडेल नको होती. त्याच्या थोरल्या मुलाचं लग्न दोन आठवड्यांपूर्वी झालं होतं. सून बी.कॉम. झालेली, बोलायला स्वच्छ. घरचीच लक्ष्मी पानावर आली पाहिजे, असं शेठचं म्हणणं.

शूटिंगच्या चार दिवस आधी दादा माझ्या टेबलापाशी आला.

"मास्तर, भिंत नको. निळा कपडा लावू. माज्याकडं हाय."

मी कारण विचारलं.

"नवीन नवरी हाय. हातात हिरवा चुडा असनार. आमी लग्नात निळाच लावतो."

मालक तिथेच उभा होता. तो म्हणाला, एक दिवस बांगड्या काढून ठेवल्या तर काय होतं? दादाने मान हलवली. सव्वा महिना व्हायच्या आत सासू चुड्याला हात लावू देणार नाही, विचारूसुद्धा नका म्हणाला.

मला राग आला. निळ्या कपड्याचा नव्हे. तीन हात देऊन रंगवलेल्या भिंतीला हा माणूस लग्नातल्या कापडाच्या अनुभवावर नको म्हणत होता, त्याचा. मी म्हटलं, हिरवा आणि हिरवा यांत फरक असतो, तो मोजता येतो. दुसऱ्या दिवशी बायकोची एक हिरवी काचेची बांगडी रुमालात गुंडाळून ऑफिसात आणली. पांढऱ्या कार्डावर ठेवून फोटो काढला. भिंतीचे आकडे होते लाल साठ, हिरवा एकशे बहात्तर, निळा चौऱ्याहत्तर. बांगडीचे आले लाल बारा, हिरवा सत्तर, निळा एक्केचाळीस. हिरव्याच्या एकाच खान्यात शंभराच्या वर फरक. भिंत कापली जाईल, बांगडी राहील. मी ते आकडे मोठ्याने वाचून दाखवले.

दादा म्हणाला, "पांढऱ्यावर ठेवलीत ना. काच हाय ती, मास्तर. भिंतीपुढं गेली का भिंतीचा रंग पिते."

मी सगळ्यांसमोर म्हटलं, "दादा, मासळी वासावरून घ्या. इथे आकड्यावरून चालतं."

मालक इतका हसला की त्याला खोकला आला. दादाने वही मिटली. शूटिंग भिंतीपुढेच झालं.

सून ठरलेल्या वेळी आली, सासू बरोबर. डाळिंबी साडी, दोन्ही हातांत मनगट ते कोपर यांच्या निम्म्यापर्यंत चुडा. मुलगी हुशार होती. तिसऱ्या खेपेत अडतीस सेकंदांचा मजकूर न अडखळता म्हटला. दादाने दिवे लावले, चेहऱ्यावर उजेड छान होता. फक्त भिंतीवर उजव्या बाजूला किंचित अंधार राहिला, आणि तिच्या केसांच्या बटा त्याच बाजूला होत्या.

मग दादा कापायला बसला. मी त्याला वहीत आकडे लिहून दिले होते: रंग कुठून उचलायचा, किती फरकापर्यंतचा हिरवा भिंत म्हणून धरायचा. पण अंधाऱ्या बाजूला केसांभोवती हिरवट धूर राहत होता. त्याने मला विचारलं. मी फरकाची मर्यादा वाढवून दिली, म्हणजे अंधारातला हिरवाही भिंतीत धरला जाईल. केस स्वच्छ झाले. त्याने बाटलीहिरव्या पानावर टाकून पाहिलं. बाई पानावर उभी, केस सुंदर, हातात चुडा. दादा फार खूश होता. बायकोला फोन करून म्हणाला, झालं एकदाचं. ती पनवेलच्या मासळी बाजारात बसायची, तिथूनच बोलली असणार, कारण मागचा गलबला माझ्या टेबलापर्यंत ऐकू येत होता.

संध्याकाळी तो गेल्यावर मी नेहमीप्रमाणे तपासलं. माझी एक पद्धत होती. रंग बंद करून नुसता चौथा आकडा पडद्यावर बघायचा. त्यात माणूस सलग पांढराफटक दिसला पाहिजे, बाकी सगळं काळं. सून पांढरी दिसली. चेहरा, साडी, पावलं, पूर्ण पांढरी. आणि दोन्ही हातांवर, मनगटापासून वर, काळे पट्टे. काही ठिकाणी करडे. जिथे बांगडी तिथे शून्य.

बांगड्या फाइलमध्ये नव्हत्याच. पानाचा रंग बाटलीहिरवा होता, आणि त्या भोकांतून पानच दिसत होतं. दादाला जो चुडा दिसला तो पानाचा रंग होता. दोन हिरवे इतके जवळचे की मलाही फरक कळला नसता.

 काच भिंत पिते हे दादाने सांगितलं होतं, आणि मर्यादा मी वाढवून दिली होती. दुरुस्त करायचं तर त्याला बोलवून सांगावं लागलं असतं की तुझं बरोबर होतं. मालकालाही सांगावं लागलं असतं, त्या बांगडीचे आकडे मी त्याच्यासमोरच वाचले होते. मी हिशोब केला की पान हिरवं आहे, हिरवंच राहणार, कोणाला दिसणार नाही. तपासणीच्या शीटवर केस, कडा, आवाज, लांबी असे रकाने होते. मनगटाचा रकाना नव्हता. मी सगळ्यांपुढे बरोबरची खूण केली. एकही खूण खोटी नव्हती.

दोन दिवसांनी शेठ सहकुटुंब बघायला येणार होता, सकाळी अकराला. अकराला वीस मिनिटं कमी असताना मालक माझ्याजवळ आला.

"काका, रात्री एक आयडिया केली. तो हिरवा प्लेन फारच डल वाटत होता. मागे साइटचा फुल फोटो टाकलाय, नवीन रस्त्याचा. भारी वाटतंय."

नेऱ्याकडचा नवा रस्ता म्हणजे ताजा कापलेला लाल मुरूम.

माझ्याकडे वीस मिनिटं होती. पान पुन्हा हिरवं करायला मालकाला दोन मिनिटं लागली असती. मी त्याला विचारलं, व्हिडिओ लावून बघितलंत का? तो म्हणाला, रात्री नेट स्लो होतं, नुसतं पान पाहिलं. मी बरं म्हटलं. दादा धुतलेला शर्ट घालून आला होता. त्याने खुर्च्या पुसल्या. त्याला मी काही सांगितलं नाही.

शेठ, त्याची बायको आणि सून मालकाच्या केबिनमध्ये बसले. आम्ही दोघं मागे उभे. मालकाने पान उघडलं. लाल रस्ता, दोन्ही बाजूंना आखलेले प्लॉट, आणि डाव्या कोपऱ्यातून सून चालत आली. शेठ हसला, बायकोकडे वळून म्हणाला, बघ कशी आली. मग पडद्यावरच्या सुनेने नमस्काराला हात जोडले.

छातीपाशी जोडलेले हात, आणि दोन्ही मनगटांवर लाल पट्टे. मागे डाळिंबी साडी असूनही तिथे साडी दिसत नव्हती, हातही दिसत नव्हता, थेट मुरूम दिसत होता. पंजे वेगळे, हात वेगळे. मग तिने प्लॉटकडे बोट दाखवायला उजवा हात पसरला, आणि पंजा एकटाच हवेत गेला. हात हलेल तशा लाल पट्ट्यांच्या कडा कुरतडल्यासारख्या हलत होत्या.

सासूने शेजारी बसलेल्या सुनेचा हात ओढून मांडीवर घेतला आणि तिच्या बांगड्या बोटाने एकेक मोजू लागली. मोजून झाल्यावर म्हणाली, "बंद करा ते."

मालकाला बंद करायचं बटण सापडेना. व्हिडिओ चालू राहिला. मुलगी पडद्यावर हसून सांगत होती की आमच्या कुटुंबात आपलं स्वागत आहे.

शेठ उठून मागे वळला. "कोनी केलं ह्ये?"

मालकाने दादाकडे पाहिलं. दादा एक पाऊल पुढे आला. शेठने त्याला ओळखलं, शूटिंगच्या दिवशी दोघं एकाच बोलीत गप्पा मारत चहा प्याले होते.

"तू दर्यावरचा ना रे? तुज्या घरात बाया नाय? तीन आठवड्यांची नवरी हाय ती. तिचे हात तोडून दाखवतोस मला?"

 दादा पडद्याकडे बघत म्हणाला, "होता, शेठ. चुडा होता. मी बघितला." मग त्याला आठवलं असावं. "मी बोललो होतो निळा कपडा लावा म्हनून. मास्तरना विचारा."

मालक माझ्याकडे वळला. त्या दिवशी तो स्वतः तिथे होता, खोकला येईपर्यंत हसला होता. तरी त्याने विचारलं, "काका, बोलले होते का?"

मी म्हणालो, "शीटवर तशी नोंद नाही."

हे वाक्य मी विचार करून बोललो. खरंच नोंद नव्हती. मालकाने शीट मागितलं. त्यात लिहिलेलं होतं: शूटिंग, दादा. कटिंग, दादा. एक्स्पोर्ट, दादा. तिन्ही जागी त्याची सही, मोठ्या अक्षरांत, शाळेतल्यासारखी. तपासणीपुढे माझी. मालकाने माझ्या सहीवर बोट ठेवलं तेव्हा मी म्हटलं, तपासणी मंजूर झालेल्या हिरव्या पानावर झाली, पान नंतर बदललं. तेही खरं होतं. मालकाने घाईने शीट मिटलं, कारण पान त्याने बदललं होतं. आता तिथे ज्याच्याकडे काहीच कागद नव्हता असा एकच माणूस उरला.

शेठ जाताना दोन गोष्टी सांगून गेला. सून पुन्हा इथे येणार नाही, आहे त्यातच दुरुस्त करा. आणि पुढच्या वेळी हा माणूस मला इथे दिसता कामा नये.

पहिली गोष्ट पुरी व्हायला दुसऱ्या गोष्टीतल्या माणसाची गरज होती. मालकाने दादाला केबिनमध्ये बोलावून सांगितलं की तुम्ही बिघडवलं, तुम्हीच करा, मग बघू. मग बघू या दोन शब्दांवर दादा बसला. केबिनच्या काचेतून मालकाचा चेहरा मला दिसत होता, आणि काम झालं की दादाला काढायचं हे त्याचं ठरलेलं आहे, हे मला कळत होतं.

दुरुस्ती अशी होती. कापलेल्या चित्राच्या वर मूळ, न कापलेलं चित्र ठेवायचं, आणि त्यातलं फक्त मनगट, चुड्याच्या बाहेरच्या कडेकडेने आखून, उघडं ठेवायचं. हात हलतो, म्हणून प्रत्येक फ्रेमला नवी रेघ. सेकंदाला पंचवीस फ्रेम, अडतीस सेकंद, एकूण नऊशे पन्नास. दोन हात. काही फ्रेममध्ये एक हात झाकलेला, ते वजा जाता मी मोजले, एक हजार सहाशे बारा रेघा. मी तो आकडा दादाला कागदावर लिहून दिला. तो कागद त्याने मॉनिटरला चिकटवला आणि रोज संध्याकाळी त्याखाली झालेल्या रेघा मांडायचा.

तो कमरेला पट्टा बांधून बसायचा. अर्ध्या तासाने उठून भिंतीला पाठ लावून उभा राहायचा. मालक जाता-येता म्हणायचा, "दादा, बांगड्या भरून झाल्या का?" मी शेजारच्या टेबलावर माझं काम करत होतो. दिवसाला तीस तरी रेघा मी काढून देऊ शकलो असतो. त्याने मागितलं नाही, मी म्हटलं नाही. दहाव्या दिवशी झालं.

मी तपासलं. या वेळी चार रंगांच्या पानांवर: पांढऱ्या, काळ्या, लाल, निळ्या. शिवाय नुसता चौथा आकडाही. चुड्याची बाहेरची कड त्याने इतकी नेमकी धरली होती की बांगड्यांमधल्या बारीक फटीही जिथे मागे भिंत होती तिथे उघड्या आणि जिथे कातडी होती तिथे भरलेल्या होत्या. असं काम मी छापखान्यात सतरा वर्षांत केलं नव्हतं. तीन फ्रेममध्ये चूक सापडली. मी त्यांचे नंबर लिहून दिले. त्याने अर्ध्या तासात दुरुस्त केल्या. मग फाइल साडेचारशे एमबीची निघाली, ती मी माझ्या मशीनवर घेतली आणि दोन एमबीत बसवायला लावली. अल्फाच्या चौकोनात टिक आहे ना ते दोनदा बघितलं.

तेवढ्यात मालकाने त्याला केबिनमध्ये बोलावलं. चार मिनिटांत तो बाहेर आला. त्याने मॉनिटरवरचा कागद काढला, वही पिशवीत टाकली, आणि माझ्या टेबलापाशी आला. आवाज चढवला नाही.

"मास्तर, येक विचारतो. हात तुटलेले तुमी आदी पाह्यले होते ना?"

मी म्हणालो, "हो."

"कदी?"

"डेमोच्या दोन दिवस आधी. संध्याकाळी."

"आनि त्यो लाल फोटो?"

"डेमोच्या सकाळी कळलं. अकराला वीस कमी असताना."

एवढं नेमकं सांगायची गरज नव्हती. त्याने विचारलं म्हणून सांगितलं. 

"मंग माजे डोळे बरे हाईत," तो म्हणाला. "मी गेल्या आठवड्यात डाक्तरकडं जाऊन आलो. म्हटलं, नसलेला चुडा मला दिसला, आता कॅमेरा पन सोडायला पायजे. डाक्तर म्हनला, कायपन नाय. मी त्याला खोटा समजलो."

त्याला अजून काहीतरी बोलायचं होतं असं वाटलं. पण तो केबिनच्या दाराकडे एकदा बघून परत माझ्याकडे बघायला लागला, आणि वाट बघितल्यासारखा उभा राहिला. मी पडद्याकडे मान वळवली. मग तो निघाला. जिना उतरताना तो प्रत्येक पायरीवर दोन्ही पाय टेकवत होता, त्यामुळे खाली पोचायला वेळ लागला, आणि तेवढा वेळ मला ऐकू येत होतं.

केबिन माझ्या टेबलापासून सहा पावलांवर होती. मालक आत एकटाच होता, फोनवरही नव्हता. फाइल बासष्ट टक्क्यांवर आली होती. ती पूर्ण होईपर्यंत मी जागेवरून उठलो नाही, आणि झाल्यावर शेठला पाठवून दिली.